बुडालेलं कर्ज कुणाच्या वहीत लिहायचं?

वाचकाचं पत्र

मी ४६ वर्षांचा आहे. मिरज एमआयडीसीत माझं मोटार रिवाइंडिंगचं वर्कशॉप आहे. मार्च २०२४ मध्ये पुतण्याच्या सांगण्यावरून एका पीटूपी अ‍ॅपवर, म्हणजे लोकांनी अनोळखी लोकांना थेट कर्ज द्यायच्या अ‍ॅपवर, तीन लाख रुपये टाकले. त्यातले दोन लाख माझे, एक लाख तासगावच्या ताईचे, बेदाण्याच्या पट्टीतले. ‘१२ टक्के, हवे तेव्हा काढा’ असं सांगितलं होतं. ऑगस्टनंतर काढायचं बटणच बंद झालं. आता कर्जदारांचे हप्ते येतील तसे पैसे जमा होतात. १ लाख ७४ हजार मुद्दल परत आलं, ५८ हजार ‘९० दिवसांपेक्षा जास्त थकीत’ दाखवतात, बाकीचं चालू आहे. कंपनीकडे रिझर्व्ह बँकेचा परवाना आहे, पैसे भरताना मोठ्या बँकेचं नाव दिसलं होतं. मग कर्ज बुडालं तर कंपनीने किंवा बँकेने भरून द्यायला नको का? आता ‘स्वतः कर्जदार निवडा, २४ टक्के मिळवा’ असे मेसेज येतात. त्यातून नुकसान भरून काढावं का? ताईला अजून काही बोललेलो नाही.

उत्तर

नमस्कार. कंपनीने भरून द्यायला हवं का, याचं उत्तर आधी देऊन टाकतो: नाही. तिची इच्छा असली तरी तिला ते करता येत नाही. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१७ मध्ये या कंपन्यांसाठी नियम केले, त्यात हे स्पष्ट आहे. पीटूपी कंपनीने स्वतः कर्ज द्यायचं नाही, लोकांच्या ठेवी घ्यायच्या नाहीत आणि कुणाच्या कर्जाची हमीही घ्यायची नाही. तिचं काम मध्यस्थाचं. कर्जदाराची माहिती तपासायची, त्याची आणि तुमची गाठ घालून द्यायची, कागद करायचा, हप्ते गोळा करून तुमच्यापर्यंत पोचवायचे आणि या कामाचे पैसे घ्यायचे. कर्ज दिलंय ते तुम्ही. करारात ‘कर्ज देणारा’ म्हणून तुमचंच नाव आहे, हजार-दोन हजाराच्या प्रत्येक कर्जापुरतं.

परवान्याचा अर्थ आपल्याकडे फार मोठा लावला जातो. परवाना म्हणजे या कंपनीला हा धंदा करायला परवानगी आहे, एवढंच. परतफेडीची कसलीही खात्री रिझर्व्ह बँक देत नाही, आणि तसं या कंपन्यांना आपल्या संकेतस्थळावर लिहावंही लागतं. तळाशी बारीक अक्षरात असतं, म्हणून कुणी वाचत नाही. तुम्हाला दिसलेलं मोठ्या बँकेचं नाव एस्क्रो खात्याचं असणार. तुमचे पैसे कंपनीच्या स्वतःच्या खात्यात मिसळू नयेत म्हणून ते अशा वेगळ्या खात्यातून फिरतात आणि त्यावर बँकेने उभ्या केलेल्या ट्रस्टीची देखरेख असते. सोय चांगली आहे, कंपनीने पैसे पळवू नयेत यासाठी आहे. पण कर्जदाराने पैसे परतच केले नाहीत, तर तिचा काही उपयोग नाही. ठेवींना जो पाच लाखांपर्यंतचा विमा असतो, तो बँकेतल्या ठेवींना आहे, या पैशांना नाही. (जाता जाता: तो पतसंस्थांच्या ठेवींनाही नसतो. आपल्या जिल्ह्यात हे अजून अनेकांना माहीत नाही.)

मी बरीच वर्षं बँकेच्या कर्जखात्यात काढली, म्हणून तिथलं सांगतो. मार्च जवळ आला की शाखेत एक यादी निघते: कुणाचा हप्ता ९० दिवसांच्या पुढे गेलाय, कुठलं खातं एनपीए होणार. मॅनेजर आणि वसुली अधिकारी त्या यादीवर डोकं धरून बसलेले असतात. जामीनदारांना फोन लागतात, कुणीतरी मोटारसायकल काढून कवलापूरला जातो. त्याच वेळी चार पावलांवरच्या काउंटरला एक आजोबा पासबुक भरून घेत असतात. त्यांच्या ठेवीचं व्याज ठरल्याप्रमाणे जमा झालेलं असतं आणि त्या यादीची त्यांना गंधवार्ताही नसते. कर्ज बुडालं की बँक आपल्या नफ्यातून तरतूद करते, नफा पुरला नाही तर भांडवल झिजतं. आजोबांपर्यंत ती झळ पोचायला अख्खी बँक बुडावी लागते.

बँक आजोबांना सात टक्के देते आणि तेच पैसे वैयक्तिक कर्ज म्हणून बारा-चौदा टक्क्यांनी बाहेर देते, तेव्हा मधला फरक सगळा नफा नसतो. त्यातून पगार जातात, जागेचं भाडं जातं आणि बुडीत कर्जांची भरपाईही होते. पीटूपीवर तुम्हाला हा मधला फरक मिळतो, म्हणून व्याज गोड दिसतं. पण त्याच्या बरोबर ती मार्चची यादीही तुमच्याकडे येते. तुमच्याकडे ना वसुली अधिकारी, ना जामीनदार, ना भांडवल. शिवाय ही कर्जं नियमाप्रमाणे विनातारणच असतात, म्हणजे विकून वसूल करण्यासारखं काही हाताशी नसतं.

‘हवे तेव्हा काढा’चं कोडं आता सुटेल. तुम्ही दिलेलं कर्ज वर्षा-दोन वर्षांनी फिटणार असेल, तर तिसऱ्या महिन्यात तुम्ही बटण दाबल्यावर पैसे यायचे कुठून? कर्जदार तर मुदतीआधी देणार नाही. ते यायचे नव्या माणसाकडून. तो पैसे भरायचा, तुमच्या कर्जांवर तुमच्या जागी त्याचं नाव लागायचं आणि त्याचे पैसे तुम्हाला मिळायचे. नवे येत राहतील तोवर बटण चालणार. यात थकलेलं कर्जही कुणाच्या ना कुणाच्या माथी सरकत राहायचं आणि वर १२ टक्के सुरळीत दिसायचे. १६ ऑगस्ट २०२४ रोजी रिझर्व्ह बँकेने नियम घट्ट केले. एकाच्या पैशाने दुसऱ्याला मोकळं करायचं नाही, मुदतीनुसार ठरावीक परताव्याची किंवा हवे तेव्हा पैसे काढण्याची जाहिरात करायची नाही, आणि मुद्दल किंवा व्याज बुडालं तर ते कर्ज देणाऱ्याचंच, हे त्याला आधी स्पष्ट सांगायचं. तुमचं बटण त्यामुळे बंद झालं. पैसे त्या दिवशी बुडाले असं समजू नका. जी कर्जं आज थकीत दिसतात त्यांतली काही आधीपासूनच दुबळी असतील, ती तेव्हा दिसत नव्हती इतकंच.

आता २४ टक्क्यांकडे येऊ, कारण खरा धोका मला तिथे वाटतो. तुम्ही वाइंडिंगला तार मोजून घेता, तसं हेही एकदा मोजून पाहा.

समजा दोन लाख रुपये हजार-हजाराच्या २०० कर्जांत वाटले, व्याज २४ टक्के, मुदत बारा महिने. हजाराच्या कर्जाचा महिन्याचा हप्ता साधारण ९५ रुपये बसतो. बारा हप्ते नीट आले तर मिळतात १,१३५. म्हणजे हजारावर १३५ रुपये, २४० नाहीत. दर खोटा नाही. मुद्दल दर महिन्याला थोडं थोडं परत येत असतं आणि व्याज उरलेल्या मुद्दलावरच मिळतं, म्हणून असं होतं. आलेला हप्ता लगेच पुन्हा कर्जाऊ दिला तरच २४ च्या जवळ जाता येतं, आणि तसं केलं की नवा कर्जदार, नवा धोका. सगळे २०० जण चोख निघाले तर वर्षाला सुमारे २७ हजार व्याज होतं.

सगळे चोख निघत नाहीत. २०० पैकी ३० जणांनी तीन हप्ते भरले आणि मग फोन उचलणं बंद केलं असं धरू. उरलेल्या १७० जणांकडून सुमारे १ लाख ९३ हजार येतील, या तीस जणांचे साडेआठ हजार. एकूण दोन लाख एक हजार चारशेच्या आसपास. म्हणजे वर्षभर पैसे अडकवून हातात आले १,४०० रुपये. अ‍ॅपचं शुल्क एक टक्का धरलं तर दोन हजार गेले आणि तुम्ही सहाशे रुपये तोट्यात आलात. हेच पैसे सात टक्क्यांच्या ठेवीत असते तर चौदा हजार मिळाले असते.

हिशेब अजून संपला नाही. या दोन लाखांवर व्याज म्हणून तुम्हाला सुमारे साडेचोवीस हजार मिळाले आणि मुद्दल बुडालं तेवीस हजार. प्राप्तिकरात व्याज उत्पन्नात धरलं जातं. पण धंदा म्हणून सावकारी न करणाऱ्या माणसाला बुडालेलं मुद्दल त्या व्याजातून सहसा वजा करून मिळत नाही. तुम्ही २० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर सुमारे पाच हजार कर, तोही प्रत्यक्षात न झालेल्या कमाईवर. हे तुमच्या सीएंना तुमच्या आकड्यांनिशी जरूर विचारा, कारण अ‍ॅपवर दिसणाऱ्या परताव्यात कर कधीच धरलेला नसतो.

या हिशेबातून दोन आकडे लक्षात ठेवा. तीन हप्त्यांनंतर थांबणारे २०० मध्ये साधारण ३२ झाले की सगळं व्याज साफ. एकही हप्ता न भरणारे निघाले तर २४ जणांतच साफ. माझ्या उदाहरणात साडेअकरा टक्के मुद्दल बुडालं आणि हाती काही उरलं नाही. तुमच्या तीन लाखांपैकी ५८ हजार, म्हणजे १९ टक्के, आत्ताच ९० दिवसांच्या पुढे गेलेत. त्यातले काही वसूल होतील, आणि कर्जदार वेगळे असल्याने सरळ तुलना होत नाही, हे मान्य. पण २४ टक्के द्यायला तयार असलेला माणूस आधीच्यांपेक्षा सरस असेल, असं मानायला तुमच्याकडे काय आधार आहे? त्याला बँकेने, पतसंस्थेने, सोनेतारणवाल्याने स्वस्तात दिलं असतं तर तो इथे आला नसता.

‘स्वतः निवडा’ याचाही अर्थ नीट घ्या. प्रत्येक कर्जदाराला तुमची स्पष्ट मंजुरी लागते, हा नियम आता कडक झालाय, म्हणून हे शब्द आलेत. पण निवडायला समोर असतं काय? वय, शहर, पगाराचा आकडा, अ‍ॅपने दिलेली श्रेणी. बँकेत आम्ही माणसाला समोर बसवून विचारायचो, घर पाहून यायचो, तरी फसायचो. लखनौ किंवा कोइमतूरच्या माणसाचं चार ओळींत काय कळणार? पैसे अनेकांत वाटण्याचा सल्ला बरोबर आहे, एकाच्या पळून जाण्याने तुम्ही बुडत नाही. (एका कर्जदाराला एका व्यक्तीने सगळ्या अ‍ॅप मिळून ५० हजारांच्या वर देता येत नाही, ही नियमाची मर्यादाही त्यासाठीच.) पण सरासरीच खराब असेल तर २०० जणांत वाटून ती सुधारत नाही, फक्त खात्रीने पदरात पडते.

तेव्हा नुकसान भरून काढायला नवे पैसे घालू नका. ज्यांना हौस आहे, ज्यांचा संकटासाठीचा पैसा वेगळा ठेवलेला आहे आणि लाखभर बुडाले तरी घरात चर्चा होणार नाही, अशांनी थोडे पैसे टाकून पाहावेत. तेही आधी कंपनीचा महिन्याचा तपशील पाहून. आपल्याकडच्या कर्जांपैकी किती थकली आणि कर्ज देणाऱ्यांनी किती तोटा सोसला, हे आता या कंपन्यांना जाहीर करावं लागतं. तो वाचताना मात्र एक पाहायचं. थकबाकीचा टक्का कशावर काढलाय? आजवर वाटलेल्या एकूण कर्जांवर काढला असेल तर तो नेहमी छोटाच दिसणार, कारण कालच वाटलेलं कर्ज आज थकूच शकत नाही. वर्षापूर्वीच्या एखाद्या महिन्यात दिलेली कर्जं घ्यायची आणि त्यांतली आज किती थकली ते विचारायचं. त्याचं सरळ उत्तर मिळालं नाही, तर तेच उत्तर समजा.

तुमच्यासाठी आता काम आहे अडकलेले पैसे सोडवण्याचं. आलेले हप्ते पुन्हा कर्जाऊ देण्याची सोय सुरू असेल तर आजच बंद करा. मग अ‍ॅपमधून किंवा ईमेल करून कर्जागणिक उतारा मागा. त्यात प्रत्येक कर्जाचा क्रमांक, तारीख, रक्कम, आलेले हप्ते, उरलेलं मुद्दल आणि किती दिवस थकलंय ते असतं. तो पुतण्याकडून एक्सेलमध्ये लावून घ्या आणि चार ढीग करा: चोख चालू, तीस दिवसांपर्यंत मागे, तीस ते नव्वद, आणि नव्वदच्या पुढे. पहिल्या ढिगाचे पैसे बहुतेक येतील. दुसऱ्यातले काही जण फक्त पगाराच्या तारखेमुळे मागे असतात. चौथ्या ढिगातून जे येईल ते मिळालं म्हणायचं, त्याच्या भरवशावर काही ठरवायचं नाही. ही कर्जं जास्तीत जास्त ३६ महिन्यांची असू शकतात, म्हणून प्रत्येक ओळीपुढे शेवटच्या हप्त्याची तारीख लिहून ठेवा. वाट किती दिवस पाहायची ते त्यावरून कळेल.

तक्रार कशाची करायची आणि कशाची नाही, हा भेद फार उपयोगाचा आहे. कर्जदाराने पैसे दिले नाहीत, ही कंपनीची चूक ठरत नाही. पण कर्जदाराने हप्ता भरला आणि तो दुसऱ्या दिवसापर्यंत पुढे न जाता एस्क्रो खात्यातच पडून राहिला, तुमच्या मंजुरीशिवाय कर्ज दिलं गेलं, किंवा उतारा द्यायला टाळाटाळ होते, तर ती तिचीच चूक. ‘१२ टक्के, हवे तेव्हा काढा’ या जाहिरातीचे स्क्रीनशॉट, पुतण्याला आलेले मेसेज जपून ठेवा. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात निकाल लागला नाही तर रिझर्व्ह बँकेच्या cms.rbi.org.in वर दाद मागता येते. कंपनी उद्या बंद पडली तरी तुमचे करार संपत नाहीत, कारण ते कर्जदाराशी आहेत. कर्जं फिटेपर्यंत वसुलीची व्यवस्था आधीच करून ठेवणं कंपनीवर बंधनकारक आहे. प्रत्यक्षात त्या काळात वसुली ढेपाळते, म्हणून उताऱ्याची प्रत दर महिन्याला उतरवून ठेवा.

थकवणाऱ्यांवर दावा लावण्याचा विचार आला असेल. हक्क आहे, आणि सर्वसाधारणपणे पैसे देय झाल्यापासून तीन वर्षांची मुदतही आहे. पण एकेकाकडे सात-आठशे रुपये, माणसं दहा राज्यांत. वकिलाची पहिली नोटीसच तेवढ्याची होईल. कंपनी अनेकांच्या वतीने एकत्र कारवाई करत असेल तर तिचा खर्च कोण देणार हे विचारून मगच होकार द्या. थकीत कर्जाची नोंद कर्जदाराच्या क्रेडिट रिपोर्टमध्ये जाते, तोच त्याच्यावरचा खरा दबाव. कुणाचा नंबर हाती लागला तरी स्वतः फोन करून दमदाटी करू नका, पोलिसांत तक्रार उलट तुमच्यावर होईल.

राहिली ताई. तुम्ही विचारलेलं नाही, तरी बोलतो. ताईने अ‍ॅप पाहिलं नाही, कर्जदार निवडले नाहीत, बहुधा ‘भाऊ बघेल’ म्हणून पैसे दिले. खातं तुमच्या नावाचं, व्याजावरचा करही तुमच्याच नावावर. तिच्या लेखी तिने कुणा परक्याला कर्ज दिलेलं नाही, तुमच्याकडे ठेव ठेवलीय. थकबाकीचा तिसरा हिस्सा तिच्या माथी मारणं हिशेबात बसेल, मला पटत नाही. परत आलेल्या १ लाख ७४ हजारांतून तिचं लाखभर मुद्दल पूर्ण द्या आणि ५८ हजारांची वाट तुम्ही पाहा. १२ टक्के मात्र कबूल करू नका. व्याजाचं काय ते उतारा तिच्यासमोर ठेवून दोघांनी ठरवा. आलेले पैसे वर्कशॉपच्या तारेत गुंतले असतील तर तसं सांगा आणि तारखा लावून दोन-तीन टप्प्यांत द्या, पण छाटणीच्या आणि औषधांच्या खर्चाआधी सांगा, म्हणजे तिला दुसरीकडे उसनं मागायला वेळ मिळेल. आणि पैसे रोख देऊ नका. वीस हजार किंवा त्याहून जास्त रकमेची अशी परतफेड रोखीने केली तर प्राप्तिकराचा दंड बसू शकतो. खात्यावरून पाठवा आणि शेऱ्यात ‘मुद्दल परत’ लिहा.